पुरळावर लिंबू, हळद किंवा टूथपेस्ट लावलीच असेल, तर आता काय करायचं: क्रमाने

पुरळ घेऊन दवाखान्यात येणाऱ्या बऱ्याच जणांच्या अंगावर खरं तर दोन दुखणी असतात. एक मूळ पुरळ, म्हणजे घामोळ्या, गजकर्ण, पित्त, जे काही असेल ते. दुसरं म्हणजे त्यावर घरात जे चोळलं त्याने झालेली भाजणूक किंवा ॲलर्जी. रुग्ण मात्र एकच गोष्ट सांगतो: ‘पुरळ वाढलं.’ आणि वाढलं म्हणून त्याने पहिल्या लेपावर दुसरा लेप थापलेला असतो.

इथेच क्रम चुकतो. लेप उतरवायच्या आधीच त्यावर उपाय सुरू होतो, आणि नेमकं काय झालंय हे ओळखायच्या आधी मलम चोळलं जातं. खाली जो क्रम दिलाय तो तसाच पाळा, मधली पायरी गाळू नका.

पायरी १: हात थांबवा आणि वेळ लिहून ठेवा

जळजळतंय म्हणून बर्फ, कोरफड, दही, तूप यांपैकी काहीही लावू नका. धुण्याआधी मोबाईलवर एक फोटो काढा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. मग कागदावर तीन गोष्टी लिहा: काय लावलं, किती वाजता लावलं, त्यानंतर उन्हात गेलात का. ही तिसरी गोष्ट कुणीच लिहीत नाही आणि पुढे सगळं तिच्यावरच अडतं.

जवळ घ्यायचं सामान थोडंच आहे. बादलीभर साधं पाणी, ते ओतायला एक मग, जुनी धुतलेली मऊ सुती ओढणी किंवा धोतराचा तुकडा, आणि वास किंवा रंग नसलेली साधी पेट्रोलियम जेली.

> इथे थांबू नका: ओठ, जीभ किंवा डोळे सुजत असतील, श्वास लागत असेल, आवाज बसला असेल किंवा चक्कर येत असेल तर धूत बसू नका. १०८ला फोन करा.

पायरी २: लेप उतरवा, पण खरवडू नका

या पायरीवर सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून प्रत्येक पदार्थाचं वेगळं सांगतो.

*लिंबू.* लिंबाच्या रसाचा सामू साधारण २ ते २.५ असतो, तर त्वचेचा ५च्या आसपास. खाजवून सोललेल्या जागी हे आम्ल सरळ आत उतरतं. साध्या, फार गार नसलेल्या पाण्याची धार वीस मिनिटं सोडा. नळाला धार नसेल तर मगाने ओतत राहा, तेही चालतं. आम्ल मारायचं म्हणून खायचा सोडा लावायची कल्पना अनेकांना सुचते. ती नको, त्यातून दुसरी आग होते.

लिंबाचा दुसरा धोका उन्हाशी जोडलेला आहे. आपल्या कागदी लिंबात, विशेषतः त्याच्या सालीत, फ्युरोकौमरिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्यावर उन्हातली अतिनील किरणं पडली की त्वचेच्या पेशी होरपळतात. अर्धं लिंबू सालीसकट अंगावर घासलं की रस आणि सालीतलं तेल दोन्ही लागतं. म्हणून धुताना हात, नखांच्या कडा आणि ओघळ जिथवर गेला असेल ती सगळी जागा धुवा. जिथे त्वचा फुटलेली नाही तिथे सौम्य साबण वापरला तरी चालेल. धुतल्यानंतरही तो भाग त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस उन्हापासून झाका. खिडकीच्या साध्या काचेतून ही किरणं बऱ्याच प्रमाणात आत येतात, त्यामुळे ‘मी तर घरातच होतो’ हे नेहमीच पुरेसं नसतं.

*हळद.* वाळलेली हळद त्वचेला घट्ट धरून बसते. ती नखाने सोलली की वरचा पातळ थर सोबत निघून येतो. ओला कपडा पाच-दहा मिनिटं ठेवून लेप भिजू द्या, मग पाण्याने वाहून जाऊ द्या. पिवळा डाग राहीलच, दोन-तीन दिवस राहू द्या. तो काढायला लोक पुन्हा लिंबू किंवा डाळीचं पीठ चोळतात. ते करू नका.

या पिवळेपणाची खरी अडचण म्हणजे तो खालची लाली झाकतो. लाली दिसत नसेल तर बोटांच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघा, आणि शरीराच्या दुसऱ्या बाजूच्या तशाच जागेशी ताडून बघा. जागा गरम आणि फुगीर लागली तर दाह आहे, रंग काहीही दिसो.

*टूथपेस्ट.* ती लावल्यावर गार वाटतं, म्हणून लोकांना ती औषध वाटते. तो गारवा मेंथॉलचा असतो. मेंथॉल थंडीची जाणीव देणाऱ्या नसांना चेतवतं. त्वचेचं तापमान त्याने उतरत नाही. पेस्टमध्ये दात घासण्यासाठी घातलेली खरखरीत भुकटी असते, पुदिना किंवा दालचिनीसारखे स्वाद असतात आणि फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट असतं. हे सल्फेट इतकं खात्रीने त्वचा चिडवतं की संशोधनात मुद्दाम दाह निर्माण करायचा असेल तेव्हा तेच वापरतात. तोंडात ते दोन मिनिटं राहतं आणि चूळ भरली की निघून जातं. पुरळावर ते रात्रभर वाळत पडलेलं असतं.

वाळलेली पेस्ट आधी पूर्ण ओली करा. पांढरी पापडी ओढू नका, तिच्याखाली फोड असला तर तो फुटतो. मऊ झाली की हलक्या बोटाने, साबण न लावता सोडवा, कारण फेस तिचा तिलाच येतो. बोटाला बुळबुळीत लागणं थांबेपर्यंत पाणी ओता.

*हळद-चुना.* मुरगळलेल्या पायाचा हा लेप हल्ली पुरळावरही लावलेला दिसतो. चुना तीव्र अल्कली आहे आणि तो दुखेपर्यंत खोल गेलेला असतो. कोरडी भुकटी असेल तर आधी कोरड्या कपड्याने झटका, मगच पाणी ओता, आणि वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ ओतत राहा. डोळ्यात उडाला असेल तर धुणं सुरू ठेवूनच रुग्णालयाच्या वाटेला लागा.

> तपासा: धुऊन झाल्यावर कपड्याने पुसू नका, टिपून घ्या. अर्ध्या तासाने आग कमी झाली का बघा. आग वाढतच असेल किंवा जागा पांढरट, राखाडी, बधिर झाली असेल, तर ती खोल भाजणूक आहे. पायरी ३ सोडा आणि दवाखान्यात जा.

पायरी ३: घड्याळ आणि आकार बघून ओळखा

घरगुती लेपाने साधारण तीन प्रकारचा त्रास होतो. नुसत्या लालीवरून तो ओळखता येत नाही. त्रास कधी सुरू झाला आणि कुठे संपतो, यावरून ओळखता येतो.

पहिला प्रकार सरळ चिडण्याचा. लावल्या लावल्या किंवा काही तासांत आग होते, आणि लाली नेमकी लेपाच्या कडेपर्यंतच असते. खाजेपेक्षा जळजळ जास्त. हे कुणालाही होऊ शकतं, त्याला ॲलर्जी असावी लागत नाही. टूथपेस्ट, लिंबू, चुना, ठेचलेला लसूण हे बहुतेक असाच त्रास देतात. लेप उतरवला की हा त्रास ओसरू लागतो.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा. लावलं तेव्हा काहीच होत नाही. एक ते तीन दिवसांनी प्रचंड खाज सुटते, मोहरीएवढे पाणीदार पुटकुळे येतात आणि लाली लेपाच्या हद्दीबाहेर पसरते. हळद, कुंकू आणि पेस्टमधले स्वाद यांनी असं झालेलं दिसतं. यावर ठरलेला आक्षेप येतो: ‘हळद तर आम्ही लहानपणापासून लावतो!’ ते खरं असतं, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. ॲलर्जी जडायला आधीचा संपर्कच लागतो. शरीर एखाद्या पदार्थाला ओळखून ठेवतं आणि पुढच्या कुठल्या तरी वेळी उलटतं. शिवाय आधी हळद धड त्वचेवर लागत होती, आता ती सोललेल्या पुरळावर लागली आहे. बाजारातल्या हळदीत नुसती हळदच असेल याचीही खात्री नसते. भेसळीचे रंग आजवर अनेकदा सापडले आहेत.

तिसरा प्रकार लिंबू आणि ऊन यांच्या जोडीचा. उन्हात गेल्यावर साधारण चोवीस तासांनी सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसतो. खाज कमी, आग जास्त, मोठे फोड, आणि नंतर तपकिरी डाग. खूण आकारात असते. ओघळासारखे पट्टे, शिंतोड्यांसारखे ठिपके, बोटांचे ठसे. आजार सहसा अंगावर ओघळाच्या आकारात उठत नाही.

एक उदाहरण, दिवसावार

मे महिन्यात असे रुग्ण हमखास येतात. त्यांतल्या एकाचं सांगतो. मानेवर आणि हातांवर घामोळ्या आल्या होत्या. शनिवारी सकाळी त्याने अर्धं लिंबू त्यावर घासलं, थोडं चुरचुरलं, ते सुकू दिलं आणि दुचाकीवरून तासाभराच्या अंतरावर लग्नाला गेला. संध्याकाळी काहीच नव्हतं, म्हणून ‘लिंबू मानवलं’ असं ठरलं.

रविवारी दुपारी मानेवरून गळपट्टीकडे उतरणारे दोन लाल पट्टे उठले, भाजल्यासारखे. रात्री त्यावर टूथपेस्ट. दहा मिनिटं गार वाटलं, मग जळजळ दुप्पट. सोमवारी सकाळी पट्ट्यांवर फोड आले, आणि घरातल्या मोठ्यांनी साय-हळद लावली. मंगळवारी तो आला तेव्हा मान पिवळी, मधे पांढऱ्या पापड्या, आणि त्यांच्याखाली काय आहे ते दिसेना. सोबत चार वर्षांची मुलगी होती. तिच्या दंडावर चार तांबूस-तपकिरी आडवे पट्टे होते. शनिवारी लिंबाच्याच हाताने त्याने तिला गाडीवर उचलून बसवलं होतं. असे ठसे पाहून मुलाला कुणी मारलंय की काय अशी शंका येऊ शकते, म्हणून लिंबाची हकीकत डॉक्टरांना आवर्जून सांगायची.

पिवळे-पांढरे थर ओल्या फडक्याने भिजवून काढल्यावर सगळं घड्याळात बसलं. शनिवारच्या उन्हाने रविवारी उठलेले ओघळ हे लिंबाचं काम. रविवारी रात्री लगेच वाढलेली आग टूथपेस्टची. हळदीने वेगळी ॲलर्जी दिली असती तर ती पुढच्या एक-दोन दिवसांत खाजेच्या रूपाने दिसली असती, ती दिसली नाही. फोड साधारण आठवड्याभरात वाळले, डाग मात्र दिवाळीच्या सुमारास गेले. आणि घामोळ्या? मोकळा सुती शर्ट आणि पंख्याखाली त्या तीन दिवसांतच बसल्या होत्या.

पायरी ४: पहिले दोन दिवस

आग शमवायला ओल्या घडीसारखा उपाय नाही. सुती कापड साध्या गार पाण्यात बुडवून पिळा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. कापड दर वेळी धुतलेलं हवं. बर्फ थेट लावू नका, आधीच दुखावलेली त्वचा त्याने गारठून आणखी मरते.

घडी काढल्यावर त्वचा थोडी ओलसर असतानाच पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. अपवाद घामोळ्यांचा. तिथे घामाची तोंडंच बंद झालेली असतात, त्यावर कुठलंही चिकट काही नको.

फोड फोडू नका. आपोआप फुटला तर पाण्याने धुवा, वरची कातडी कापू नका, जेली लावून न चिकटणारी पट्टी ठेवा. उघड्या जखमेवर कापूस नको, त्याचे तंतू आत रुततात.

> मोठी चूक: मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणणं. त्यातल्या अनेक ट्यूबांत तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असतं. दोन दिवस छान वाटतं. मूळ पुरळ गजकर्ण असेल तर ते स्टेरॉइडखाली लपून पसरतं, आणि मग ते ओळखायलाही अवघड जातं. ॲलर्जीत स्टेरॉइडचं मलम लागतं हे खरं, पण कुठलं, कुठे आणि किती दिवस, हे बघणाऱ्याने ठरवायचं.

पायरी ५: आता मूळ पुरळाकडे बघा

लेपाचा त्रास उतरला की खालचं दुखणं दिसू लागतं.

गोल चकती, मधे साफ आणि कडेला उंच, खवलेदार, खाजरी: हे गजकर्ण. लिंबाने वरचे खवले निघतात म्हणून चार दिवस बरं वाटतं. बुरशी तिथेच असते.

गांधी उठतात, जागा बदलतात आणि एकेक गांध चोवीस तासांच्या आत विरते: हे अंगावरचं पित्त. आपल्याकडे त्यावर आमसुलाचं पाणी लावतात. गांधी तशाही जाणारच असतात, श्रेय आमसुलाला मिळतं. न खाजवलेल्या त्वचेवर त्याने सहसा फार बिघडत नाही. नखाने ओरखडलेल्या जागी मात्र तेही आम्लच आहे.

सगळ्यात घाईचं आहे ते नागिणीचं. शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे, पुंजक्यांनी आलेले पाण्याचे फोड, आणि बऱ्याचदा त्याआधी एक-दोन दिवस तिथेच ठणका. नागिणीच्या विषाणूवरचं औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं. हे तास लेप लावण्यात गेले तर ठणका महिनोनमहिने रेंगाळण्याची भीती असते, विशेषतः वय पन्नाशीपुढे असेल तर. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या टोकावर फोड असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पायरी ६: डॉक्टरांकडे कधी आणि कसं जायचं

चेहरा, डोळे, गुप्तांग यांवर त्रास असेल, तळहाताहून मोठा भाग फोडांनी भरला असेल, पू किंवा ताप असेल, लाल रेघ वर चढत असेल, रुग्ण तान्हं बाळ असेल किंवा मधुमेहीच्या पायावर हे झालं असेल, तर वाट बघू नका. नवीन औषध सुरू केल्यावर पुरळ आलं आणि तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, तर ते थेट रुग्णालयाचं काम आहे.

जाताना त्वचा कोरी ठेवून जा. सकाळी जेली, पावडर, तेल काहीही नको. बुरशी आहे का हे बघायला डॉक्टर खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात, लेपाच्या थरातून ते नीट मिळत नाहीत. पायरी १ चा कागद आणि फोटो घ्या. पेस्टची ट्यूब, हळदीचं पाकीट, जे लावलं ते सोबत आणा. आणि हकीकत पूर्ण सांगा. बरेच जण ओरडा बसेल म्हणून लसणाचं नाव गाळतात, आणि मग भाजल्याची खूण संसर्ग समजली जाते.

पायरी ७: पुन्हा लावायचंच असेल तर

‘आधी कानामागे लावून बघितलं होतं, पाच मिनिटांत काही झालं नाही.’ पाच मिनिटांत फक्त चिडणं कळतं. ॲलर्जी कळायला दिवस लागतात. दवाखान्यातल्या पॅच चाचणीत पट्ट्या पाठीवर ४८ तास ठेवतात आणि काढल्यानंतरही पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. लिंबाची चाचणी तर घरात करूनच उपयोग नाही, कारण त्यात ऊन आलेलंच नसतं. आणि निरोगी त्वचेवरचा निकाल सोललेल्या पुरळाला लागू होत नाही.

ज्यांना हळदीने एकदा पुटकुळे आलेत त्यांनी घरी पुन्हा लावून बघू नये, दुसरी प्रतिक्रिया जास्त जोरात येऊ शकते. खाण्यातल्या हळदीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. ज्यांना पेस्टमुळे ओठांभोवती पुरळ येतं त्यांनी स्वाद नसलेली, फेस न येणारी पेस्ट वापरून बघावी.

उरला प्रश्न लग्नातल्या हळदीचा, तो एप्रिल-मेमध्ये विचारला जातोच. आधी त्रास झाला नसेल, तर जी हळद लावायची तीच, ज्यात मिसळायची त्याच दुधात किंवा तेलात कालवून, कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी, सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावून बघा. हे समारंभाच्या दोन आठवडे तरी आधी सुरू करा, म्हणजे काही उठलंच तर बसायला वेळ राहतो. त्या मिश्रणात लिंबू पिळू नका, कारण हळदीनंतर मांडवात, गच्चीवर फोटो काढायला सगळे उन्हातच उभे असतात. आणि आधी कधी हळदीने पुटकुळे आले असतील तर भटजींना आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पायाच्या अंगठ्याला बोट टेकवून विधी होतो, आणि ती हळद लगेच धुता येते.